दोन जिवांची चिऊ

डोहाळजेवण झालं त्याच रात्री ताईने एक फोटो निवडून मला पाठवला. खाली निरोप होता, "याच्याखाली चार ओळी लिहून दे. उद्या सगळ्यांना पाठवायचाय."

हे सगळे कोण, ते आधी सांगते. बेळगावची मावशी आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिची सून फोन तिच्या डोळ्यांसमोर धरते आणि मजकूर मोठ्याने वाचून दाखवते. बडोद्याचे काका आहेत, इंदूरला दिलेल्या दोन चुलत बहिणी आहेत, टोरांटोला आमचा भाचा आहे. शिवाय चिऊच्या सासरची माणसं आहेत. ती रत्नागिरीकडची, आम्ही सोलापूरचे. यातल्या कितीतरी जणांनी चिऊला तिच्या लग्नानंतर पाहिलेलं नाही. काहींनी तर ती फ्रॉकात असतानाच शेवटची पाहिली. अशा माणसांना हा फोटो आपल्या घरातला वाटायला हवा होता, म्हणून त्या चार ओळींना मला दोन दिवस लागले.

चिऊ म्हणजे ताईची मुलगी, माझी भाची. तिचं पाळण्यातलं नाव इथे लिहीत नाही, पण फोटोखाली ते सगळ्यात आधी लिहिलं आणि त्यामागे कारण आहे.

आमच्याकडे एक जुना फोटो आहे. १९९३ सालचा, ताईच्या डोहाळजेवणाचा. तेव्हा पोटात चिऊच होती. ताई पाटावर बसली आहे, मागे पुठ्ठ्याची चंद्रकोर उभी केली आहे. त्या काळी चंद्र, होडी, धनुष्यबाण अशा देखाव्यात बसवून फोटो काढत, तसाच. फोटोच्या पाठीवर दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, निळ्या बॉलपेनने लिहिलंय : "थोरलीचे डोहाळजेवण. सातवा महिना. पाच सुवासिनी." दादांचं अक्षर सुरेख होतं, पण ते पेन दाबून लिहीत. फोटो उजेडात तिरका धरला की ताईच्या गालावरून "सुवासिनी" या शब्दाचा वळ गेलेला दिसतो. कागदाच्या मागून उमटलेला, उलटा.

आणि नाव नाही. "थोरलीचे." दादांना माहीत होतं थोरली कोण ते, आम्हालाही माहीत आहे. चिऊच्या मुलाला माहीत असेल का? आमच्या आजीचाही असाच एक फोटो होता, त्यामागे "वहिनींचे डोहाळजेवण" एवढंच लिहिलेलं. त्यात सात बायका आहेत. यातली आपली आजी कोणती, यावर आम्ही बहिणींनी एकदा अख्खी दुपार वाद घातला. नाकातल्या नथीवरून अंदाज बांधला, तोही खात्रीचा नाही. ज्या बाईसाठी सगळा घाट घातला, तिचंच नाव लिहायचं राहून गेलं. म्हणून मी ठरवलं होतं की पहिला शब्द चिऊच्या नावाचा. पूर्ण नाव, आणि लगेच कंसात "आमची चिऊ". कारण बेळगावच्या मावशीला तिचं पूर्ण नाव पटकन आठवणार नाही, आणि तिच्या सासरच्यांना चिऊ कोण ते कळणार नाही. दोन्ही नावं शेजारी बसली की दोन्हीकडची माणसं एकाच मुलीकडे बघतात.

मी अजून विचारच करत होते, तोवर टोरांटोच्या भाच्याने उत्साहाने एक मजकूर करून पाठवला. रात्री जागून केला होता बिचाऱ्याने. तो असा : "सौ. कां. चिऊच्या गोदभराईच्या सोहळ्यात हलव्याच्या दागिन्यांनी नटलेली आमची लाडकी. छोट्या युवराजाच्या आगमनाची आतुरता!"

त्याची माया मला ओळीओळीत दिसली. पण हा मजकूर तसाच गेला असता तर बेळगावपासून बडोद्यापर्यंत फोन वाजले असते. मी त्याला फोन करून एकेक शब्द समजावून सांगितला आणि सांगता सांगता माझेच विचार जागेवर आले.

"सौ. कां." म्हणजे सौभाग्यकांक्षिणी. सौभाग्याची इच्छा धरणारी, म्हणजे जिचं लग्न व्हायचं आहे ती. लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलीच्या नावाआधी ते येतं आणि अक्षता पडल्या की त्याचं काम संपतं. लग्न झालेल्या मुलीला "सौ." आणि लिहिणारा वयाने मोठा असेल तर "चि. सौ.". पत्रिकांमध्ये तो शब्द सतत दिसतो, त्यामुळे तो मानाचाच काहीतरी शब्द असेल असं तरुण मुलांना वाटतं. सातव्या महिन्यातल्या मुलीला सौ. कां. लिहिलेलं वाचून जुनी माणसं दचकतात.

"गोदभराई" चूक नाही. इंदूरच्या बहिणी तोच शब्द वापरतात, त्यांच्या शेजारीपाजारी तोच चालतो. पण तो ओटी भरण्यापाशी थांबतो. आपला शब्द तिला काय खावंसं वाटतंय इथून सुरू होतो. डोहाळे तिचे आणि जेवणही तिचं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, त्याच्याकडे पुन्हा येते.

हलव्याचे दागिने संक्रांतीचे. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला घालतात, आणि बोरन्हाणात बाळाला. डोहाळजेवणाला असते ती फुलांची वाडी. पांढऱ्या कळ्या लांबून हलव्यासारख्या दिसतात, त्यामुळे भाच्याचा घोटाळा झाला. वाडी म्हणजे फुलांच्या दागिन्यांचा अख्खा संच : बिंदी, कानातली, गळ्यातला हार, बाजूबंद, मनगटातली कंकणं, कंबरपट्टा. कार्तिक महिना होता, मोगरा कुठला मिळायला. म्हणून निशिगंधाच्या न उमललेल्या कळ्या आणि मधून मधून पिवळी शेवंती अशी वाडी ताईने स्वतः बसून केली. निशिगंधाच्या कळ्या आदल्या रात्री ओवाव्यात, पण घट्ट मिटलेल्याच घ्याव्यात. थोडी जरी उमललेली घेतली तर सकाळपर्यंत कडेने तपकिरी पडते आणि फोटोत डाग दिसतो. बाजूबंद चिऊच्या दंडावर बसेना, सातव्या महिन्यात हाताला सूज होती. ताईने दोरा कापला, चार कळ्या वाढवल्या आणि तिथेच पुन्हा गाठ मारली. तयार मिळणारी कापडी वाडी स्वस्त असते आणि पुन्हा वापरताही येते, पण तिची गाठ अशी सोडून पुन्हा बांधता येत नाही.

राहिला "युवराज". त्यावर भाचा म्हणाला, "मावशी, इथे तर सगळे आधीच सांगतात. निळा केक, गुलाबी केक." तिथे कायद्याची आडकाठी नाही. आपल्याकडे आहे, आणि ती का आली हे त्याला नीट सांगावंसं वाटलं. सोनोग्राफी आणि गर्भजलपरीक्षा आल्या आणि मुलगी आहे कळल्यावर गर्भ पाडणं सुरू झालं. त्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिल्यांदा कायदा केला, आणि १९९४ साली सगळ्या देशासाठी कायदा झाला. डॉक्टरांनी लिंग सांगायचं नाही, कुणी विचारायचंही नाही. डोहाळजेवणातल्या पेढा-बर्फीच्या खेळाला कायद्याची अडचण नाही. दोन वाट्या झाकून ठेवायच्या, तिने एक उघडायची, पेढा निघाला तर मुलगा आणि बर्फी निघाली तर मुलगी. गंमतच असते. पण पेढा निघाल्यावर खोलीत जी आरोळी उठते ती बर्फीला उठत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. चिऊनेही ऐकलं होतं. तिने दोन्ही वाट्यांवरची झाकणं एकदम काढली, पेढ्याचा तुकडा आणि बर्फीचा तुकडा एकाच घासात घेतला आणि म्हणाली, "झालं." त्यामुळे फोटोखाली युवराज नको आणि परीही नको. "अष्टपुत्रा" वगैरे आशीर्वादही नको. बाळाबद्दल काहीच लिहायचं नाही असं मी ठरवलं. त्याच्याबद्दल लिहायला जन्मभर वेळ आहे. आजचा दिवस त्याच्या आईचा.

मग चिऊसाठी शब्द कोणता घ्यायचा?

"गर्भवती" हा दवाखान्यातला शब्द आहे, "गरोदर" अर्जावरचा. "पोटुशी" हा शब्द मला फार आवडतो, शेतावरच्या बायका तो सहज म्हणतात, पण चिऊच्या सासूबाईंच्या कानाला तो जरा उघडा वाटला असता. मैत्रिणींनी तिच्या खांद्यावरून "होणारी आई" असं लिहिलेला पट्टा घातला होता. त्यांनी तो प्रेमाने आणला होता, आणि संध्याकाळच्या फोटोत तो शोभतोही. पण "होणारी" म्हटलं की ती अजून काहीतरी व्हायची बाकी आहे असं वाटतं. आमची आई असती तर तिने काय म्हटलं असतं याचा मी विचार केला, आणि शब्द आपोआप कानावर आला. आई म्हणायची, "दोन जिवांची आहे ती, तिला पाटाखाली वाकायला लावू नका." "दोन जिवांची बाई, उंबऱ्यावर उभी राहू नकोस."

दोन जिवांची. हा शब्द किती जुना आहे ते मला नंतर समजलं. सुश्रुताच्या ग्रंथात शारीरस्थानात म्हटलंय की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय स्पष्ट होतं आणि त्याच्या इच्छा जाग्या होतात. त्या वेळी बाईला दोन हृदयं असतात, म्हणून तिला दौहृदिनी म्हणायचं. त्या इच्छा डावलू नयेत, असंही तिथे बजावलेलं आहे. डोहाळे हा आपला शब्द त्याच कुळातला, संस्कृतातल्या दोहदाकडून आलेला. आमच्या आईने सुश्रुताचं नावही ऐकलं नव्हतं. ती चौथी शिकलेली. पण दोन जिवांची हा शब्द तिने तिच्या आईकडून घेतला होता आणि तिच्या आईने तिच्या आईकडून. तो अर्थ असा पोथीबाहेरून, न्हाणीघर आणि स्वयंपाकघरातून आमच्यापर्यंत आला. दुसऱ्या ओळीची सुरुवात ठरली : "दोन जिवांची चिऊ."

आता ती सातव्या महिन्यात आहे हे लिहायचं की नाही, यावर ताईचं आणि माझं थोडं वाजलं. ताईला भीती दृष्टीची. माझं म्हणणं होतं की गुपित ठेवायचे दिवस मागे पडले. आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात. घरातल्या दोघीतिघी, देवासमोर, दार लोटून. कुणाला बोलावणं नाही, फोटो नाही. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ टिकेल याची खात्री नसते, हे डॉक्टर आज सांगतात. बायकांना ते भोगून माहीत होतं. म्हणून पहिली ओटी चोरून, आणि सातव्यात उघडपणे, गाणी म्हणत. चिऊच्या चोरओटीचा एकही फोटो नाही. आणि म्हणूनच हा फोटो सगळ्यांना दाखवायचा. महिना लिहिला की जुन्या बायका बोटांवर मोजतात आणि बाळंतपण कधी ते त्यांना आपोआप कळतं. तारीख सांगत बसावी लागत नाही. ताईने शेवटी मान्य केलं, पण मीठमोहऱ्या उतरवल्याच.

फोटोत चिऊने नेसलंय ते आईचं हिरवं इरकल. हे मात्र लिहायलाच हवं होतं. लांबच्या माणसाला चेहरा चटकन ओळखू येत नाही, पण लुगडं ओळखू येतं. इरकलाचा अंगाचा भाग वेगळा विणतात आणि पदर वेगळा, मग दोन्हींचे ताणे एकमेकांत अडकवून जोडतात. त्यामुळे हिरवं संपतं तिथे लाल एकदम सुरू होतं, मध्ये फिकं होत जाणं नाही. पदरावर पांढऱ्या रेशमाचे दातेरी पट्टे असतात, त्याला टोपतेनी म्हणतात. सोलापूर आणि बेळगाव या पट्ट्यातल्या कुठल्याही घरात हे लुगडं सांगायला लागत नाही. कोकणातल्या माणसांना मात्र सांगावं लागेल. म्हणून नुसतं "हिरवी साडी" न लिहिता "आजीचं हिरवं इरकल" लिहिलं. आजी कुणाची हा प्रश्न पडणार नाही, चिऊच्या नावाखालीच ते येतं.

आणि सासरच्यांचं काय? त्यांनाही आपलं काहीतरी या फोटोत दिसायला हवं ना. ते ओटीत होतं. आमच्याकडे ओटी गव्हाने भरतात. चिऊच्या सासूबाई रत्नागिरीहून येताना स्वतःच्या शेतातले तांदूळ घेऊन आल्या, कारण त्यांच्याकडे तांदळाशिवाय ओटी नाही. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी दोन सुपं शेजारी शेजारी मांडलेली पाहून ताई गडबडली. आधी कोणतं? सासूबाईंनीच गव्हाच्या सुपात दोन ओंजळी तांदूळ घातले आणि हाताने कालवले. फोटो मोठा करून पाहिला तर चिऊच्या पदरात तांबूस आणि पांढरे दाणे एकत्र दिसतात, मध्ये नारळाची शेंडी, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, आणि गुळेदगुड्डचा खण. "ओटीत माहेरचे गहू, सासरचे तांदूळ." ही ओळ लिहायला मला काहीच कष्ट पडले नाहीत.

कष्ट पडले ते ओटी भरणाऱ्यांच्या ओळीला.

दादांच्या फोटोमागे "पाच सुवासिनी" आहे ते मघाशी सांगितलं. त्याच फोटोत, चंद्रकोरीच्या मागे, स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं दिसतं. दारात एक कोपर आहे आणि करड्या लुगड्याची कड. ती आत्या. दादांची धाकटी बहीण. तिचे यजमान गेले तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. ताईच्या डोहाळजेवणाच्या दिवशी पुरण तिने वाटलं, पोळ्या तिने लाटल्या, आणि ओटीच्या वेळी ती आपणहून आत गेली. तिला कुणी जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. चिऊ झाल्यावर चाळीस दिवस रोज तेल लावून अंघोळ आत्यानेच घातली. चिऊ तिला आत्याआजी म्हणते.

या वेळी चिऊने पाट मांडायच्या आधीच सांगितलं होतं, "पहिली ओटी आत्याआजी भरणार. नाहीतर मी पाटावर बसत नाही." आत्या नको नको म्हणत होती. "अगं, माझ्या हाताने कशाला, तुझं चांगलं होऊ दे." मग ती मोरीत गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. हात धुऊन, पदर डोक्यावरून घेऊन ती आली. ओंजळीत दाणे घेतले तर ओंजळ इतकी थरथरली की अर्धे दाणे रांगोळीवर पडले. चिऊने वाकून, सातव्या महिन्यातलं पोट सांभाळत, पडलेले दाणे एकेक करून वेचले आणि आपल्या पदरात टाकले. आत्याने नारळ ठेवला, शेंडी चिऊकडे. मग तिचा हात कुंकवाच्या करंड्याशी थांबला. तिने विचारलं, "लावू का गं?" चिऊने काही न बोलता कपाळ पुढे केलं.

फोटो त्यानंतरचा आहे. चिऊच्या कपाळावरचं कुंकू जरा डावीकडे सरकलेलं आहे. छायाचित्रकार ते संगणकावर सरळ करून देतो म्हणाला होता. ताईने त्याला हात लावू दिला नाही.

आता या फोटोखाली "पाच सुवासिनींनी ओटी भरली" लिहिलं तर आत्या पुन्हा दाराआड जाणार. ताई म्हणाली, "नुसतं ओटी भरली एवढंच लिही. इंदूरच्या काकू काय म्हणतील, उगाच चर्चा." तिची बाजू मला कळत होती. चिऊच्या सासरी कुणाला खुपलं तर, हीही धाकधूक तिला होती. पण मला ते लपवायचं नव्हतं, आणि त्याचा गाजावाजाही करायचा नव्हता. "क्रांतिकारी", "नवा पायंडा" असलं लिहिलं असतं तर आत्या लाजून मेली असती. शेवटी लिहिलं, "पाच जणींनी ओटी भरली, पहिली ओटी आत्याआजीची." जो तिला ओळखतो त्याला ही ओळ पुरेशी आहे. जो ओळखत नाही तो एका आजीने नातीची ओटी भरली एवढं वाचेल, आणि तेही खरंच आहे. ताईने आधी चिऊच्या सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हेच वर घ्या की." पण मी खालीच ठेवलं. गहू-तांदळाच्या लगेच आधी.

शेवटची ओळ डोहाळ्यांची. ज्या जेवणाच्या नावातच डोहाळे आहेत, त्या जेवणाच्या फोटोखाली तिला कशाचे डोहाळे लागले हे कुणीच का लिहीत नाही, याचं मला नवल वाटतं. पक्वान्नांची यादी लिहितात. चिऊला आधी पाचव्या महिन्यात ओल्या मातीच्या वासाचे डोहाळे लागले होते. कुंडीला पाणी घातलं की ती तिथेच बसून राहायची आणि एकदा तर मातीचा खडा तोंडात टाकताना ताईने पाहिलं. माती, कच्चे तांदूळ, खडू असलं खावंसं वाटणं पुष्कळदा लोह कमी पडल्यामुळे असतं. तपासलं तर हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं. गरोदरपणात ते अकराच्या खाली नसावं. गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्या-दीड महिन्यात मातीची ओढ गेली. सगळेच डोहाळे पुरवायचे नसतात, काही डॉक्टरांना सांगायचे असतात.

मग आंबाडी आली. आईच्या हातची आंबाडीची भाजी, कण्या घातलेली, वरून लसणाची चरचरीत फोडणी, शेजारी ज्वारीची भाकरी. आई जाऊन सहा वर्षं झाली. चिऊने फोनवर सांगितलं, "मावशी, मला आजीची आंबाडी हवीय," आणि रडायला लागली. मी करून नेली. तिने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "जवळ आलीय, पण ती नाही." आत्याने विचारलं, पानं उकडून पाणी टाकून दिलंस का? मी दिलं होतं, आंबट कमी व्हावं म्हणून. "वहिनी ते सगळं टाकत नसत, थोडं ठेवून त्यातच कण्या शिजवत," आत्या म्हणाली. डोहाळजेवणाच्या दिवशी तसं केलं. पुरणपोळी, मसालेभात, जिलेबी सगळं होतं, पण चिऊच्या पानात पहिली वाढली ती आंबाडी. तिने मान वर करून आत्याकडे पाहिलं आणि भाकरी मागून घेतली.

तर शेवटी हे असं गेलं :

चि. सौ. … (आमची चिऊ) हिचं डोहाळजेवण.
दोन जिवांची चिऊ, सातव्या महिन्यात, आजीच्या हिरव्या इरकलात, निशिगंधाची वाडी लेवून.
पाच जणींनी ओटी भरली, पहिली ओटी आत्याआजीची. ओटीत माहेरचे गहू, सासरचे तांदूळ.
डोहाळे आंबाडीचे. पानात तीच पहिली वाढली.
सोलापूर, रविवार, १७ नोव्हेंबर २०२४.

पाठवल्यावर लक्षात आलं की लोक फोटो फोनमध्ये जपून ठेवतात तेव्हा खालचा मजकूर त्याच्याबरोबर जात नाही. दहा वर्षांनी पुन्हा "यातली कोण कोण?" सुरू. म्हणून ताईला सांगून फोटोची मोठी प्रत छापून घेतली. हल्लीच्या छपाईच्या कागदाची पाठ गुळगुळीत असते, त्यावर पेन्सिल धरत नाही आणि पेनाची शाई पुसटते किंवा पुढच्या फोटोला लागते. म्हणून जाड पांढऱ्या कागदावर मऊ पेन्सिलीने सगळं लिहिलं आणि तो कागद चौकटीत फोटोच्या मागे सरकवला. दादांसारखा गालावर वळ नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेळगावहून फोन आला. मावशीची सून म्हणाली, "आत्तींनी चार वेळा वाचायला लावलं, आता तुमच्याशीच बोलायचंय म्हणतात." मावशीने इरकल ओळखलं होतं, आत्याचं वाचून ती थोडा वेळ गप्प झाली होती. मग म्हणाली, "औक्षणाच्या ताटात निरांजनाच्या शेजारी वाटी आहे ना चांदीची, ती आक्काचीच ना?"

मी फोटो पुन्हा उघडला. वाटीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. होती आईचीच.

"काठ चेपलाय बघ तिचा. सूनबाईने मोठं करून दाखवलं मला. तो माझ्या हातून चेपलाय. पाट्यावर आपटली होती मी, सात वर्षांची असेन. आक्काने आईला सांगितलं तिच्याच हातून पडली म्हणून, आणि मार खाल्ला. लिहिलंस का ते?"

मी चौकट पुन्हा उघडली, कागद बाहेर काढला आणि पेन्सिलीला टोक केलं.